‘७ दिवसांत फरक’ काढून टाकलं तर पेशंट येतील का?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. बी.पी.टी. झाल्यावर पुण्यात एका हॉस्पिटलमध्ये तीन वर्षं काम केलं, आता बार्शीत स्वतःचं क्लिनिक काढतेय. गाळा घेतला, टेबल आलं, मशिनं आली. अडलंय ते क्लिनिकच्या माहितीवर. तोच मजकूर फ्लेक्सवर, गुगलवर आणि व्हॉट्सॲपवर जाणार आहे. चुलतभावाने लिहून दिलंय: ‘मानदुखी, कंबरदुखी, गुडघेदुखी, सायटिका, फ्रोजन शोल्डर, पॅरालिसिस, मणक्यातील गॅप यांवर ऑपरेशनशिवाय खात्रीशीर उपचार. ७ दिवसांत फरक.’ खाली माझी सगळी सर्टिफिकेटं. मला हे पटत नाही, पण पलीकडच्या रस्त्यावरच्या क्लिनिकचा बोर्ड असाच आहे आणि तिथे गर्दी असते. फ्रोजन शोल्डरला वर्ष-दीड वर्ष लागतं असं खरं लिहिलं तर माझ्याकडे कोण येणार? आजार, शिक्षण आणि बरं व्हायला लागणारा वेळ, हे तिन्ही कसं लिहू?
– एक फिजिओथेरपिस्ट, बार्शी

तुम्ही फ्रोजन शोल्डरचं नाव काढलंत ते बरं केलंत, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच एका आजारात सापडतं. तो नीट लिहिता आला की बाकीची यादी आपोआप लिहून होते.

‘७ दिवसांत फरक’ वाचून पेशंट येतो, हे खरं आहे. पण तो आठव्या दिवशी काय करतो तेही बघा. तो फरक शोधतो. फ्रोजन शोल्डरमध्ये आठवडाभरात हात वर जायला लागत नाही, म्हणून तो निघून जातो. मग दुसरं क्लिनिक, मग मालिशवाला, मग कुणीतरी सांगितलेलं तेल. पलीकडच्या क्लिनिकात गर्दी दिसते ती नव्या पेशंटची आहे की टिकलेल्या पेशंटची, हे रस्त्यावरून कळत नाही. शिवाय दिशाभूल करणारी जाहिरात २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसते आणि त्यात सेवाही येतात. ‘खात्रीशीर’ हा शब्द कुणी पुढे कागदोपत्री तुमच्यासमोर ठेवला, तर तुमच्याकडे उत्तर नसेल.

आता मी हा आजार पेशंटला कसा सांगते ते लिहिते, म्हणजे त्यातलं कागदावर काय उतरवायचं ते ठरवता येईल. खांद्याच्या सांध्याभोवती एक सैलसर आवरण असतं. हात सगळीकडे फिरावा म्हणून ते सैल असतं. फ्रोजन शोल्डरमध्ये त्याला सूज येते, मग ते जाड होतं आणि आकसतं. हाडं ठीक असतात, म्हणून एक्स-रे ‘नॉर्मल’ येतो आणि पेशंट बुचकळ्यात पडतो. साधारण चाळीस ते साठ या वयात हे होतं. मधुमेह असेल तर होण्याची शक्यता बरीच वाढते, आणि झाल्यावर ते जास्त चिवट असतं. आपल्याकडे साखरेचे पेशंट घरोघरी आहेत, त्यामुळे तुमच्या गाळ्यात पहिल्याच महिन्यात असा खांदा येईल याची मला खात्री आहे.

आजार तीन टप्प्यांतून जातो. पहिल्यात दुखणं जास्त, विशेषतः रात्री, आणि हालचाल हळूहळू कमी होत जाते; हा काळ काही महिन्यांचा. दुसऱ्यात दुखणं ओसरतं पण खांदा आखडलेला राहतो; हाही काही महिने. तिसऱ्यात तो सुटायला लागतो, आणि याला सर्वांत जास्त वेळ लागतो. सगळं मिळून एक ते तीन वर्षं. या टप्प्यांच्या सीमा पुस्तकात असतात तितक्या ठळक नसतात, तरी पेशंट आज साधारण कुठे उभा आहे हे पहिल्या तपासणीत कळतं. सगळी गोष्ट तिथेच आहे, कारण पहिल्या टप्प्यात जे करायचं आणि तिसऱ्यात जे करायचं ते एकमेकांच्या उलट आहे.

आमच्या क्षेत्रात सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. पेशंट पहिल्या टप्प्यात येतो, फ्लेक्सवर सात दिवस लिहिलेले असतात, म्हणून फिजिओ जोर लावतो. हात धरून वर नेतो, पेशंट ओरडतो, ‘थोडं सहन करा, जाम सुटतोय’ असं सांगितलं जातं. त्या रात्री झोप नाही, दुसऱ्या दिवशी हात आणखी आखडलेला. २००४ साली नेदरलँड्समध्ये ७७ पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना दुखण्यापलीकडे ताणून कसून व्यायाम दिले, तर बाकीच्यांना आजार समजावून सांगून दुखण्याच्या आतच हलके व्यायाम आणि रोजची कामं करायला सांगितलं. दोन वर्षांनी हलक्या हाताने घेतलेल्यांपैकी ८९ टक्के जवळजवळ पूर्ववत झाले होते. कसून ताणलेल्यांपैकी ६३ टक्के. अभ्यास लहान आहे, पण रोजच्या कामात जे दिसतं त्याच्याशी तो जुळतो. म्हणजे घाईचं आश्वासन नुसतं खोटं ठरतं असं नाही, ते आपल्या हाताला घाई लावतं आणि खांदा बिघडवतं.

एक पेशंट सविस्तर सांगते. बावन्न वर्षांच्या बाई, शाळेत शिक्षिका, साखर बऱ्याच वर्षांची आणि तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीएवनसी साडेआठच्या वर. डावा खांदा तीन महिने दुखत होता. तक्रार एवढीच की त्या कुशीवर झोपता येत नाही आणि मागे आंबाडा घालता येत नाही. फळ्यावर त्या उजव्या हाताने लिहीत, म्हणून शाळेत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तपासताना दोन्ही कोपरं कमरेला चिकटवून हात बाहेरच्या बाजूला उघडायला सांगितले. उजवा ६० डिग्री उघडला, डावा १० वर अडला. मग डावा हात त्यांनी सैल सोडला आणि मी नेऊन बघितला, तरी तिथेच अडला. हीच खूण महत्त्वाची. स्वतःच्या ताकदीने हात जात नाही पण दुसऱ्याने नेला तर जातो, असा खांदा फ्रोजन नसतो. तिथे स्नायूची दोरी फाटल्याचा संशय घ्यायचा. दोन्ही प्रकारे अडतो आणि बाहेर उघडणं सर्वांत जास्त गेलेलं असतं, तेव्हा फ्रोजन शोल्डर म्हणायचं. तरीही एक्स-रे मागवायचाच. फीट आल्यावर किंवा करंट लागल्यावर खांदा मागच्या बाजूला निखळला, तर तोही बाहेर उघडत नाही आणि वरवर पाहता फ्रोजनसारखाच वाटतो. संधिवात फार वाढलेला असेल, तर तोही एक्स-रेतच दिसतो.

या बाईंना पहिल्याच दिवशी तारखा सांगितल्या. पहिले सहा आठवडे लक्ष्य एकच, रात्रीची झोप. हात किती वर गेला हे त्या काळात बघायचंच नाही. घरी दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी पाच-सात मिनिटं: पुढे वाकून हात लोंबता सोडून हलवणं, टेबलावर फडकं ठेवून हात पुढे सरकवणं, काठी दोन्ही हातांत धरून चांगल्या हाताने दुखऱ्याला बाहेर ढकलणं. नियम असा की व्यायामानंतर वाढलेलं दुखणं अर्ध्या तासात पूर्वीइतकं झालं पाहिजे. नाही झालं तर दुसऱ्या दिवशी निम्मं करायचं. आठवड्याला दोन सिटिंग, त्याहून जास्त नाही. सोबत ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे पाठवलं. दुखण्याच्या टप्प्यात सांध्यातलं स्टिरॉइडचं इंजेक्शन चांगला आराम देतं, आणि त्याचा फायदा सुरुवातीच्या महिन्यांत घेतलं तर जास्त असतो. डॉक्टरांनी ते दिलं. इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते, म्हणून त्यांच्या फिजिशियनला आधी कळवलं. हे कुणी सांगितलं नाही की घरचे घाबरतात आणि ‘इंजेक्शनने बिघडलं’ अशी बोंब होते.

सहा आठवड्यांनी त्या सलग झोपत होत्या. हात मात्र १० वरून १५ डिग्रीवर आला होता, म्हणजे डोळ्यांना काहीच नाही. बोर्डावर सात दिवस असते, तर त्या केव्हाच गेल्या असत्या. पण त्यांच्या फाइलमध्ये पहिल्या दिवशी लिहिलं होतं, ‘६ आठवडे: झोप’. ते झालं होतं, म्हणून त्या टिकल्या. चौथ्या महिन्यात दुखणं पुष्कळ कमी झालं आणि तेव्हा खरं ताणायला सुरुवात केली. बाहेर उघडणं ३० डिग्री झालं, हात १२० पर्यंत वर. सिटिंग पंधरवड्याला एक. नवव्या महिन्यात त्यांनी स्वतःच्या हातांनी आंबाडा घातला. चौदाव्या महिन्यात डावा हात उजव्यापेक्षा थोडा कमीच उघडत होता, ब्लाउजचा मागचा हूक अजून जिकिरीचा होता, बाकी कामं सगळी होत होती. तिथे उपचार थांबवले. तो उरलेला थोडा फरक काहींच्या बाबतीत कायम राहतो, विशेषतः मधुमेह असेल तर, आणि हेही आधी सांगायचं असतं. दुसरा खांदाही पुढच्या काही वर्षांत धरू शकतो, हेही सांगावं, म्हणजे त्या वेळी पेशंट पहिल्याच महिन्यात येतो.

हे कागदावर असं उतरवता येईल:

‘फ्रोजन शोल्डर: हा आजार पूर्ण सुटायला साधारण एक ते तीन वर्षं घेतो; मधुमेह असेल तर जास्त. पहिल्या सहा आठवड्यांत रात्रीचं दुखणं कमी करणं हे आमचं लक्ष्य असतं. हात वर जाण्यातला मोठा फरक बहुतेकांना तीन-चार महिन्यांनंतर दिसतो. रोज यावं लागत नाही; घरचे व्यायाम रोज करावे लागतात. दुखणं वाढेल इतकं आम्ही ताणत नाही. सहा आठवड्यांत झोपेत काहीच सुधारणा नसेल, तर पुढची सिटिंग घेण्याऐवजी आम्ही तुम्हाला ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे पाठवू.’

शेवटचं वाक्य काढू नका. तुम्ही कुठे थांबणार हे लिहिलं की पेशंटला वाटतं, ही बाई सिटिंग मोजायला बसलेली नाही. आणि ‘ऑपरेशनशिवाय’ हा शब्द मात्र काढाच. २०२० साली ब्रिटनमधल्या ५०० हून अधिक पेशंटवरच्या मोठ्या अभ्यासात तीन वाटा तपासल्या गेल्या: इंजेक्शनसह फिजिओथेरपी, भूल देऊन खांदा मोकळा करणं, आणि दुर्बिणीतून शस्त्रक्रिया. वर्षाच्या शेवटी एकही वाट दुसरीपेक्षा ठळकपणे सरस निघाली नाही. तेव्हा फिजिओथेरपीने सुरुवात करणं शहाणपणाचं आहे एवढं तुम्ही छातीठोक सांगू शकता. ऑपरेशन म्हणजे शत्रू, असा सूर लावायचं कारण नाही. उद्या हेच ऑर्थोपेडिक डॉक्टर तुमच्याकडे पेशंट पाठवणार आहेत.

आता यादीकडे. चुलतभावाची यादी आजारांच्या नावांची आहे, पण पेशंट नाव घेऊन येत नाही. तो ‘हात वर जात नाही’, ‘उठताना गुडघा लागतो’, ‘पायात मुंग्या येतात’ असं म्हणत येतो, किंवा कुणीतरी त्याला ‘मणक्यात गॅप आहे’ असं सांगून पाठवलेलं असतं. म्हणून मजकूर तक्रारीपासून सुरू करा. आणि ‘मणक्यातील गॅप’ पूर्ण खोडा. एमआरआयमध्ये चकत्या झिजलेल्या किंवा बाहेर आलेल्या दिसणं हे चाळिशीनंतर कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांतही सर्रास आढळतं. ‘गॅप भरून काढतो’ असं तुम्ही सुचवलंत, तर पेशंट सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय काढून आणेल आणि विचारेल, गॅप आहे तिथेच आहे की.

कंबरदुखीबद्दल आणखी एक. अचानक धरलेली कंबर बहुतेकांची काही आठवड्यांत बरीच सुधारते, उपचार कुठलाही असो. त्याचं श्रेय स्वतःकडे घेऊन ‘इतक्या दिवसांत बरे’ असं छापणं सोपं आहे, म्हणूनच सगळे छापतात. तुम्ही लिहा की पहिल्या आठवड्यांत हिंडतं-फिरतं राहायला शिकवतो, पुन्हा धरू नये म्हणून व्यायाम बसवून देतो. आणि ठळक अक्षरांत लिहा: लघवी-संडासवरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आला, पाय लुळा पडत चालला, तर आमच्याकडे न येता थेट हॉस्पिटल गाठा. तालुक्याच्या ठिकाणी ही एक ओळ वाचून एखादा माणूस वेळेत ऑपरेशन टेबलवर पोचेल. ती कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोलाची आहे. खांद्याच्या परिच्छेदाखालीही अशी ओळ हवी: डाव्या हातात-छातीत जडपणा, घाम, धाप असेल तर हे खांद्याचं दुखणं समजू नका.

पॅरालिसिसवर जरा थांबते, कारण तिथे घरच्यांची आशा सर्वांत मोठी असते आणि पैसाही सर्वांत जास्त जातो. झटक्यानंतर सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत वेगाने होते, सहा महिन्यांपर्यंत मंदावते, नंतरही होते पण सावकाश. चालणं आधी येतं, बोटांचं बारीक काम मागे राहतं, आणि काहींच्या हाताला ते परत येतच नाही. लिहिताना ‘पूर्ववत’ हा शब्द टाळा. ‘उठून बसणं, आधाराने उभं राहणं, संडासला स्वतः जाणं’ असे टप्पे लिहा. घरच्यांना सांगा की पहिले तीन महिने फुकट घालवू नका, आणि उचलताना लुळा हात ओढू नका. खांदा खाली सरकतो आणि मग तोच दुखणं होऊन बसतो. तुम्ही हॉस्पिटलमध्ये मेंदूच्या पेशंटवर कितपत काम केलंय हे मला माहीत नाही. फारसं केलं नसेल तर हा आजार यादीतच ठेवू नका. सोलापुरात कुणाकडे पाठवणार ते ठरवून ठेवा.

गुडघा बदलल्यानंतरची फिजिओथेरपी तुम्ही पुण्यात केलीच असणार. तिथे तुमचा हात बसलेला आहे, तेव्हा तिथे मोकळेपणाने लिहा. साधारण दोन आठवड्यांत गुडघा ९० डिग्रीपर्यंत वाकवणं, सहा आठवड्यांत घरात सुटं चालणं, तीन महिन्यांत बहुतेक कामं. सूज आणि गरमपणा कित्येक महिने राहू शकतो. आणि मांडी घालायची ती ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच, कारण बरेच सर्जन नको म्हणतात. आपल्याकडे पेशंटचा पहिला प्रश्न ‘पंगतीत बसता येईल का’ हाच असतो; तो छापूनच उत्तर द्या.

शिक्षणाबद्दल लोकांना खरं काय हवं असतं? या बाईने कुठे शिक्षण घेतलं, त्याला मान्यता आहे का, आणि माझ्यासारखे पेशंट तिने आधी हाताळलेत का. तुमची बी.पी.टी. म्हणजे साडेचार वर्षं, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिप, हे सामान्य माणसाला माहीत नसतं. सहा महिन्यांचा मसाज कोर्स केलेला आणि तुम्ही, दोघांच्या फ्लेक्सवर त्याला एकच शब्द दिसतो, ‘फिजिओथेरपी’. म्हणून एका साध्या वाक्यात लिहा: नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी, किती वर्षांची, कुठल्या साली, आणि राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेचा तुमचा नोंदणी क्रमांक. पदवी दुसऱ्या विद्यापीठाची असेल तर त्याचं नाव. नोंदणी क्रमांक फ्लेक्सवरही घाला. बनावट माणसाला तीच एक गोष्ट खरी छापता येत नाही.

नावाआधी ‘डॉ.’ लावायचं की नाही यावर वाद चालू आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ‘लावू नका’ म्हणून पत्र काढलं आणि लगेच मागे घेतलं. तुम्ही लावलंत तर नावानंतर ‘फिजिओथेरपिस्ट’ तितक्याच मोठ्या अक्षरांत हवं. पेशंटने तुमच्याकडे बीपीच्या गोळ्या बदलून मागितल्या तर ती फ्लेक्सची चूक.

सर्टिफिकेटांची रांग मला नको वाटते. शनिवार-रविवारचं टेपिंग, दोन दिवसांचं कपिंग, ड्राय नीडलिंग. कोर्स वाईट नसतात, पण पेशंटला त्यांतलं काहीच कळत नाही, आणि ज्याला कळतं त्या डॉक्टरला दोन दिवसांची किंमत माहीत असते. मॅकेन्झीसारखे काही अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने होतात आणि शेवटी परीक्षा असते. असं काही पूर्ण केलं असेल तर ते लिहा आणि त्याने कुठल्या पेशंटला फायदा होतो ते सांगा. बाकीची भिंतीवर लावा. त्याऐवजी तीन वर्षांत काय केलंत ते लिहा: गुडघा बदललेले पेशंट, फ्रॅक्चरनंतरचे, आयसीयूतली छातीची फिजिओथेरपी, जे असेल ते. ‘लहान मुलांच्या सेरेब्रल पाल्सीवर मी काम करत नाही’ असंही लिहिता येतं. वाचणाऱ्याचा बाकीच्या ओळींवर विश्वास बसतो तो अशा ओळीमुळे.

मशिनांची नावं छापायचा मोह होईल, पैसे घातलेत म्हणून. करंट आणि लाइट लावला म्हणजे फिजिओथेरपी झाली असं आपल्याकडे पक्कं बसलेलं आहे; ‘मॅडम, आज मशीन नाही लावलं?’ हे तुम्ही रोज ऐकाल. शेक आणि करंट दुखणं तात्पुरतं हलकं करतात, म्हणजे पुढचा व्यायाम जमतो. आकसलेलं आवरण त्याने सैल होत नाही. म्हणून माहितीत मशीन एका ओळीत, व्यायाम आणि शिकवणं बाकीच्या ओळींत. मधुमेहाच्या पेशंटची त्वचा बधिर असेल तर शेकाने भाजतं आणि त्याला कळत नाही. शेक द्यायच्या आधी गार-गरम ओळखतो का ते बघा. हे तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्या हाताखाली उद्या जी मुलगी कामाला लागेल तिला नसेल.

राहिला तुमचा मुख्य धसका, कोण येणार. हिशेब मांडा. समजा सिटिंगचे तुम्ही ३०० रुपये घेता. ‘रोज या’ म्हटलं तर तीन महिन्यांचे २७,००० होतात. तुमच्या भागातलं कुठलं घर खांद्यासाठी एवढे काढेल? म्हणून माणूस दहाव्या दिवशी बंद करतो आणि तुमच्या हाती ३,००० येतात. वर सांगितलेल्या बाईंसारखी आखणी केली, तर पहिले सहा आठवडे बारा सिटिंग आणि पुढे पंधरवड्याला एक धरून वर्षभरात पस्तीसेक सिटिंग होतात, म्हणजे १०,५०० रुपये, आणि तेही वर्षभरात विभागून. पेशंटला परवडतं, तुम्हाला साडेतीनपट मिळतं, आणि आंबाडा घातलेली बाई शाळेच्या स्टाफरूममध्ये बसलेली असते, तिथे निम्म्या जणी पन्नाशीच्या आणि साखरेच्या. फक्त ही आखणी आणि अंदाजे खर्च आधी छापलेला हवा. दहा-वीस सिटिंगचं आगाऊ पॅकेज विकू नका. पैसे भरून झालेल्या पेशंटला ‘आता थांबूया’ म्हणणं तुम्हालाच जड जाईल.

सुरुवातीचे तीन-चार महिने गाळा रिकामा वाटेल. त्या काळात बार्शीतल्या ऑर्थोपेडिक आणि मधुमेहाच्या डॉक्टरांना हा कागद स्वतः नेऊन द्या. ते यादी वाचणार नाहीत. ‘सहा आठवड्यांत सुधारणा नसेल तर परत पाठवू’ ही ओळ वाचतील. पाठवलेल्या पेशंटचं चार ओळींचं पत्र त्यांना परत जाऊ द्या: पहिल्या दिवशी हात किती उघडत होता, आज किती, झोप कशी.

पेशंटचे व्हिडिओ टाकायला चुलतभाऊ सांगेलच. टाकायचाच तर लेखी परवानगी घ्या, चेहरा झाका, आणि खाली किती महिने लागले ते लिहा. ‘आधी’ आणि ‘नंतर’मध्ये अकरा महिने गेलेत हे लपवलं, तर तोही सात दिवसांचाच बोर्ड.

एवढा सगळा मजकूर फ्लेक्सवर मावणार नाही आणि मावायची गरजही नाही. फ्लेक्सवर नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, चार तक्रारी, वेळ आणि फोन. बाकीचं एका कागदाच्या दोन बाजूंवर, मोठ्या अक्षरांत, म्हणजे चष्मा विसरून आलेल्यालाही वाचता येईल. तोच व्हॉट्सॲपवर पाठवा, आणि पहिल्या तपासणीच्या वेळी पेशंटच्या कागदावर त्याच्या तारखा पेनाने लिहून द्या.